निळ्या रेघेखालच्या तीन वाड्या

तो आकडा मी बदलला. एक्केचाळीसच्या जागी अडतीस मी टाकले, माझ्या हातांनी, दुपारी पावणेदोनला, डबा खाऊन आल्यावर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साहेबांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

ऐकणाऱ्याला वाटेल, आकडा म्हणजे पैशाची भानगड असणार. तसं काही नव्हतं. पैसा खाल्ला असता तर निदान लोकांना समजेल असं पाप झालं असतं. मी जे केलं ते सांगायला बसलं तर आधी कागदावर पानं कशी पडतात ते सांगावं लागतं, आणि तेवढ्यानंच समोरचा जांभई देतो. त्या जांभईच्या आड मी इतकी वर्षं लपलो.

मी रत्नागिरीत एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. राहायला मांडवीला. टायपिंगची परीक्षा देऊन लागलो तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की ‘एकूण’ ही ओळ नव्या पानावर एकटी जाऊ द्यायची नाही, आणि गाव मधोमध कापायचं नाही. गावाचं नाव एका पानाच्या तळाला आणि त्याच्या वाड्या पुढच्या पानाच्या डोक्यावर, असा कागद त्यांनी एकदा माझ्यासमोर फाडला होता. पुढे टायपरायटर गेले, संगणक आले, पण ते वेड माझ्या अंगात राहिलं. ‘पानं लावणं’ म्हणतात आमच्याकडे त्याला. कार्यालयात कुणाचाही लांबलचक अहवाल असो, छापायच्या आधी तो माझ्याकडे यायचा. “भाऊसाहेब, जरा पानं लावून द्या.” मी उगाच पाच मिनिटं थांबवायचो आणि मग लावून द्यायचो. आता आठवलं की त्या पाच मिनिटांचीही किळस येते.

दर हिवाळ्यात आमच्याकडे पाणीटंचाईचा आराखडा होतो. बाहेरच्यांना हसू येतं. कोकणात कसली टंचाई? पण जून ते सप्टेंबर छपरं फोडणारा पाऊस कातळावरून समुद्रात निघून जातो, आणि मार्च सरला की सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळपठारावरच्या, वाड्यांच्या विहिरींत तळाचा दगड दिसतो. मग टँकर. टँकर कुठल्या वाडीला द्यायचा हे आराखड्यावरून ठरतं. आराखड्यात नाव असलं तर अर्जावर दोन दिवसांत सही होते. नसलं तर पुरवणी प्रस्ताव, पाहणी, अभिप्राय, पुन्हा मंजुरी. तोवर वाडी डोक्यावर हंडे घेऊन चालत राहते. म्हणजे त्या यादीत ओळ असणं आणि नसणं हा नुसता कागदाचा प्रश्न नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझी हयात त्या टेबलावर गेली आहे.

त्या वर्षी माहिती भरायला एक नवी बाई होती. कंत्राटी, डाटा एन्ट्रीवर. देवरुखकडची, पस्तिशीची, रोज एसटीनं येऊन-जाऊन. बोलायला कमी, पण हात चालायचा आणि डोकंही. पहिल्या महिन्यात तिनं मला विचारलं होतं, “सर, ही तुटक रेघ नि ही अखंड रेघ, दोन्ही निळ्याच. मग फरक काय?”

मला असा प्रश्न कुणी विचारत नसे. लोकांना छापलेलं पान हवं असतं, रेघ नको असते. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. पेज ब्रेक प्रिव्ह्यू, म्हणजे छापताना पान कुठं तुटेल ते दाखवणारं दृश्य, उघडून दाखवलं. सगळं शीट लहान होतं, प्रत्येक पानावर मागे फिकट अक्षरांत त्याचा क्रमांक दिसतो. तुटक रेघ म्हणजे यंत्रानं आपल्या मनानं पाडलेलं पान. अखंड रेघ म्हणजे आपण पाडलेलं. ज्या ओळीपासून नवं पान हवं ती आख्खी ओळ निवडायची, पेज लेआउटमध्ये ब्रेक्स, त्यात इन्सर्ट पेज ब्रेक. तोड त्या ओळीच्या वर पडते. मधलाच एखादा चौकोन निवडलास तर वरही तोडेल आणि डावीकडेही तोडेल, मग निम्मे रकाने दुसऱ्या पानावर. तिनं तेच नेमकं केलं आणि एका पानाची चार झाली. हसली. “म्हणजे फणस चिरताना कोयती आडवी पडली तसं.”

“आणि रेघ माऊसनं धरून खाली ओढलीस,” मी म्हणालो, “तर पानात जास्त ओळी मावतात, पण अक्षरं बारीक होतात. सगळ्या शीटची. म्हणून ओढायची ती बेतानं.”

“नि ह्या सगळ्याच्या बाहेर हे राखाडी काय?”

“ते छापत नाही. रेघेच्या आतलं तेवढं छापतं.”

हे मी तिला सांगितलं. मीच सांगितलं.

त्यानंतर ती कधी डब्यात ओल्या काजूची उसळ आणायची, कधी आंबोळ्या, आणि पहिला वाटा माझ्या टेबलावर यायचा. मी खायचो. तिला वाटायचं मी तिला काही शिकवलं. शिकवलं होतंही. पण त्याबरोबर एक दहशतही घातली होती, की मी पानं लावली की त्या शीटला कुणी हात लावायचा नाही. ओळ भरायची असली तर भरा, रेघांना हात नको. एकदा तिनं एक रेघ सरकवली तेव्हा सगळ्यांसमोर तिला म्हणालो होतो, “हे उसळीत मीठ घालण्याइतकं सोपं नाही.” बाकीचे हसले. ती पण हसली, पण पुन्हा कधी रेघेला हात लावला नाही.

आराखडा बहात्तर पानांचा झाला. प्रत्येक तालुक्याचं एक शीट, प्रत्येक पानाच्या तळाला ‘पान अमुक, एकूण बहात्तर’. सगळ्यात पुढे एका पानाचा गोषवारा. त्यात तालुका आणि त्याच्यापुढे वाड्यांची संख्या. ती संख्या मी सूत्रानं आणली होती. ज्या त्या शीटवरच्या वाड्यांच्या रकान्यात जेवढी नावं, तेवढा आकडा आपोआप येणार. त्या सूत्राचाही मला अभिमान होता.

शीटच्या उजव्या कडेला तिनं ग्रामसेवकांचे फोन नंबर लिहून ठेवले होते, कामापुरते. ते छापायचे नव्हते. म्हणून पानं लावताना मी उजवीकडची जाड निळी कड धरून आत ओढली. नंबर राखाडीत गेले. इथं एक गोष्ट होते, जी मला माहीत होती आणि त्या दिवशी माझ्या लेखी ती क्षुल्लक होती. एकदा कड आत ओढली की छापायचं क्षेत्र पक्कं होतं, चारही बाजूंनी. त्यानंतर शेवटच्या ओळीच्या खाली कुणी नव्या ओळी भरल्या तर त्या आपोआप आत येत नाहीत. खाली राखाडीत पडून राहतात. नेहमीच्या दृश्यात बघितलं तर काही कळत नाही, ओळी दिसतात छान. पेज ब्रेक प्रिव्ह्यूत बघावं लागतं.

आराखडा ज्या बैठकीत मंजूर होणार होता तिच्या आदल्या दिवशी एका गावाची माहिती उशिरा आली. सड्यावरचं गाव, तीन वाड्या, तिन्ही टँकरच्या. ग्रामसेवक आजारी होता म्हणे. तिनं त्या तालुक्याच्या शीटच्या शेवटी भरल्या, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. आणि माझ्या टेबलाशी आली.

“सर, तीन वाड्या आल्यात. शेवटी टाकल्यात. निळ्या रेघेच्या खाली पडल्यात, मी हात नाही लावला. तुम्ही तेवढं ओढून घ्या.”

“हो, बघतो,” मी म्हणालो.

मी तेव्हा दुसऱ्या एका तालुक्याच्या शीटमध्ये एक गाव दोन पानांत कापलं जात होतं त्याच्या मागे होतो. दोन ओळींसाठी. ते गाव मी अखंड ठेवलं. तीन वाड्यांचं विसरलो. विसरणं हा गुन्हा नव्हे, माणूस विसरतो. इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा प्रती छापल्या. साहेबांनी प्रत्येक पानावर आद्याक्षरं केली. बहात्तर गुणिले सहा, करताना तीनदा चहा झाला. साहेब पानं उलटताना म्हणाले, “वा. एकही गाव तुटलेलं नाही. बाकीच्या कार्यालयांनी शिकावं तुमच्याकडून.” मी मान खाली घालून हसलो. तसं हसायचं असतं हे मला चांगलं जमतं.

डबा खाल्ला. त्या दिवशी घावणे होते, तिनंच आणलेले. मग बांधणीला द्यायच्या आधी गोषवाऱ्यावर शेवटची नजर टाकली. त्या तालुक्यापुढे एक्केचाळीस. यादीचं शेवटचं पान उघडलं, तर अनुक्रमांक अडतीसवर संपलेला.

माझ्या लगेच लक्षात आलं. मी शीट उघडलं, प्रिव्ह्यू लावला. अडतीसच्या खाली जाड निळी रेघ, आणि रेघेच्या खाली, राखाडीत, तीन ओळी. स्वच्छ वाचता येत होत्या. वाडीचं नाव, कुटुंबं, लोकसंख्या, जवळच्या पाण्याचं अंतर.

आता हे नीट सांगतो, कारण इथं मी पुष्कळ वर्षं स्वतःशी खोटं बोललो. मी स्वतःला सांगत आलो की वेळ नव्हता. वेळ होता. बैठक साडेतीनला होती. ती रेघ तीन ओळी खाली ओढली असती तर शेवटचं पान भरलेलं असल्यामुळे तीन ओळी नव्या पानावर गेल्या असत्या. मग त्या दोन पानांमधली तुटक रेघही खाली ओढायची, अक्षरं किंचित बारीक झाली असती, पण त्या तालुक्याची पानं आठच राहिली असती. बहात्तरचे बहात्तर. पुढचे क्रमांक हललेही नसते. आठ पानं, सहा प्रती. छपाईला दहा मिनिटं, साहेबांच्या आद्याक्षरांना दहा. वीस मिनिटांचं काम.

पण त्या वीस मिनिटांत मला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणावं लागलं असतं, की साहेब, माझ्याकडून राहिलं. सकाळी ज्यांनी वा म्हटलं त्यांना. आणि ती तिथंच असणार होती, जिनं मला सांगितलं होतं.

मी गोषवाऱ्यात त्या चौकोनावर गेलो आणि सूत्राच्या जागी अडतीस टाईप केलं. एंटर दाबल्यावर खालची जिल्ह्याची बेरीज आपोआप तीननं कमी झाली. कुठंही लाल झालं नाही, काही वाजलं नाही. ते एक पान सहा वेळा छापलं आणि साहेबांकडे नेलं. म्हणालो, “साहेब, शाई फुटली होती जरा.” त्यांनी फोनवर बोलता बोलता सहा आद्याक्षरं केली.

मनात म्हटलं, पुढच्या आठवड्यात पुरवणीत घेऊ. पुढच्या आठवड्यात घेतलं नाही. पुरवणी करायची तर राहिलं कसं हे लिहावं लागतं. मी रोज ठरवायचो आणि रोज दुसरं काम पुढे ओढायचो. बायको एकदा म्हणाली, “हल्ली जेवताना घास मोजताय काय?” मी म्हणालो, पित्त झालंय. घरासमोरच्या पुळणीवर संध्याकाळी चालायला जायचो तेही बंद केलं. समोर एवढं पाणी बघवत नसे, असं आज लिहिलं तर शोभून दिसेल. खरं तर चालताना कुणी ओळखीचं भेटून कामाचं विचारील म्हणून जात नव्हतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती माणसं आली. एक म्हातारा, डोक्याला टॉवेल, आणि दोन बायका. त्यांच्या पायांवर तांबडी धूळ घोट्याच्या वरपर्यंत होती. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांना बसा म्हटलं तरी ती उभीच राहिली. मला बोलावणं आलं.

“भाऊसाहेब,” म्हातारा मला म्हणाला, “आमच्या वाडीचा नाव कागदावर न्हाय म्हंतात. तालुक्याला गेलाव, ते म्हंतात जिल्ह्याला जावा. मंग आमी हाव का न्हाय ते तरी सांगा.”

“माहिती उशिरा आली असेल तुमची,” साहेब म्हणाले.

“उशिरा आली, पण आली,” दोघींतली थोरली बोलली. “ग्रामसेवकान माज्यासमोर पाठवलान. पऱ्याचा पानी आटून आठ दिस झाले. खाली उतरून एक हंडा आनायला सकाळ जाते. माजी सून सातव्या म्हयन्याची हाय, ती पन उतरते. तुमच्यात कोन उतरल?”

 पंखा फिरत होता. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “काय झालं हे?”

आणि मी म्हणालो, “बघावं लागेल साहेब. डाटा एन्ट्रीत राहिलं असेल.”

हे वाक्य मी आधी योजलेलं नव्हतं. ते तोंडातून असं गुळगुळीत आलं, की जणू वर्षानुवर्षं तिथं तयारच होतं. मला आजही त्या वाक्याची चव जिभेवर लागते, पितळेच्या भांड्यात कळकलेल्या ताकासारखी.

तिला बोलावलं. साहेबांच्या टेबलावरच तिनं फाईल उघडली. शीटच्या तळाशी गेली.

“साहेब, ओळी आहेत. हे बघा. एकोणचाळीस ते एक्केचाळीस.”

“मग छापल्या का गेल्या नाहीत?”

तिनं प्रिव्ह्यू लावला. जाड निळी रेघ, खाली राखाडीत तीन ओळी. म्हातारा पुढे वाकून बघू लागला. त्याला वाचता येत असावं, कारण त्यानं बोट काचेवर ठेवलं. “ही आमची. ही वरची.” मग म्हणाला, “हाय की मग.”

तिनं माझ्याकडे बघितलं. ‘सर, मी तुम्हाला सांगितलं होतं’ एवढंच तिनं म्हणायचं होतं. ती माझ्यासाठी थांबली होती, हे मला कळलं. मी बोलावं म्हणून जागा सोडली होती तिनं.

मी म्हणालो, “नव्या ओळी भरल्यावर प्रिंट एरिया तपासून घ्यायचा असतो. मी शिकवलंय तिला.”

साहेब तिच्यावर ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, “बाई, तुमच्या एका चुकीनं ही माणसं इथं उभी आहेत.” ओरडले असते तर बरं होतं.

 तिनं गोषवारा उघडला. का उघडला ते मला ठाऊक आहे. सूत्र जर यादीतली नावं मोजतं तर तिथं एक्केचाळीस दिसायला हवं होतं. तिनं त्या अडतीसवर क्लिक केलं. वरच्या पट्टीत नुसतं अडतीस. वरच्या चौकोनावर गेली, तिथं सूत्र. खालच्यावर गेली, तिथं सूत्र. पुन्हा अडतीसवर आली आणि तिथंच थांबली. साहेब त्या म्हाताऱ्याशी बोलत होते, त्यांनी बघितलं नाही. तिनं मात्र बघितलं, आणि मी बघितलं की तिनं बघितलं. मग तिनं फाईल बंद केली.

बाहेर जिन्यात ती म्हणाली, “सर, तो आकडा कुणी टाकला?”

“कधी कधी होतं असं. कॉपी-पेस्ट करताना सूत्र उडतं.”

“असं?” ती म्हणाली. “मला नव्हतं माहीत. तुम्ही शिकवलं नव्हतंत.”

पुरवणी मंजुरीला तेवीस दिवस लागले. त्यातल्या पाहणीला मलाच पाठवलं, कारण कागद नीट लावणारा मी. जीपनं सड्यापर्यंत गेलो, पुढे चालत. दुपारची वेळ, कातळ नुसता भाजत होता. वाडीवर ती थोरली बाई होती, केबिनमध्ये बोललेली. तिनं मला ओळखलं. अंगणात खुर्ची टाकली आणि आत जाऊन तांब्या आणि गुळाचा खडा आणला. आल्या माणसाला गूळ-पाणी देतात, ती रीत ती कशी मोडणार. मी नको म्हणायला हवं होतं. घसा कोरडा पडला होता. मी तो तांब्या उचलला आणि अर्धा प्यायलो. गढूळ होतं, तळाला माती होती. सून ओसरीला टेकून बसली होती, पाय लांब करून, आणि माझ्या गळ्याकडे बघत होती. माझा घोट खाली उतरताना ती बघत होती.

“ती पोर कशी हाय?” थोरलीनं विचारलं.

“कोण?”

“ती, कंपुटरवाली. तिला काय बोलू नका हो. चूक हुते मान्साची.”

मी अहवालाचा फॉर्म भरायला घेतला. जवळच्या पाण्याचं अंतर. राखाडीतल्या ओळीत तो आकडा मी वाचलेला होता. आता मी ते अंतर चालून बघायचं ठरवलं आणि अर्ध्यातून परत आलो. चप्पल तुटली, असं तिथल्या माणसांना सांगितलं. चप्पल तुटली नव्हती.

मे महिन्याच्या अखेरीला टँकर चालू होऊन चांगले तीन आठवडे झाले होते, आणि कंत्राटी माणसांच्या मुदतवाढीची यादी आली. इतरांना मिळाली, तिला नाही. टिपणी माझ्या टेबलावरून गेली होती. त्यात एक वाक्य होतं, ‘कामात अपेक्षित दक्षता आढळली नाही.’ मी ते लिहिलेलं नव्हतं, दुसऱ्या शाखेतून आलं होतं. मी फक्त ते पान नीट लागलंय ना ते बघितलं, सहीची ओळ एकटी पडत नाही ना ते बघितलं, आणि पुढे पाठवलं.

शेवटच्या दिवशी ती डबा घेऊन आली नाही. टेबल पुसलं, खणातल्या पिना मोजून डबीत ठेवल्या. माझ्याकडे आली.

“सर, नवीन बाई येतील त्यांना निळी रेघ ओढायला शिकवा. हात लावू नका असं नका सांगू.”

“तू रागावलीस काय?” मी विचारलं. इतका निर्लज्ज प्रश्न माणूस विचारू शकतो.

“मी काय रागावणार?” ती म्हणाली. “एसटी पाच वाजता आहे.”

पुढे मला बढती मिळाली. टेबल बदललं, खुर्चीला हात आले. सड्यावरच्या त्या वाड्यांत आता नळयोजनेचं काम सुरू आहे म्हणतात. पाणी आलं की नाही ते मी विचारलेलं नाही. तिचं एकदा कळलं. देवरुखला एसटी स्टँडजवळ झेरॉक्स नि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात ती बसते. कामानिमित्त गेलो होतो तेव्हा समोरच्या हॉटेलात चहा घेत मी काचेतून तिला पाहिलं. एका म्हाताऱ्या बाईचा फॉर्म ती भरत होती आणि प्रत्येक रकाना वाचून दाखवत होती. मी दोन चहा प्यायलो, दुसऱ्यावर साय धरली होती, ती बोटानं काढून बशीत ठेवली. रस्ता ओलांडला नाही. परतीची गाडी आली तेव्हा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून शिसारी आली.

हे आज लिहायला बसलो त्याचं कारण तसं साधं आहे. गेल्या महिन्यात नव्या कारकुनांना शिकवायला मला उभं केलं. विषय, मोठे अहवाल छापण्यापूर्वी कसे तपासावेत. पडद्यावर एक जुनंच शीट लावलं होतं, माणसांची नावं काढून. मी सांगत होतो: आख्खी ओळ निवडा, तोड तिच्या वर पडेल, अखंड रेघ तुमची, तुटक रेघ यंत्राची, छापण्यापूर्वी एकदा पेज ब्रेक प्रिव्ह्यूत अगदी तळापर्यंत जा. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, तळापर्यंत का? शेवटचं पान दिसलं की झालं ना?”

“त्याच्या खाली काही राहिलेलं असू शकतं,” मी म्हणालो.

“राहिलं तर मग काय करायचं?”

“रेघ ओढून आत घ्यायचं. साहेबांच्या सह्या झालेल्या असल्या तरी. पुन्हा छापायचं आणि जाऊन सांगायचं की माझ्याकडून राहिलं.”

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. संयोजकांनी मला श्रीफळ दिलं, ते मी वाटेत गाडीतच विसरून आलो असं घरी सांगितलं. ते मी मांडवीच्या जेट्टीवरून पाण्यात टाकलं होतं, आणि टाकताना आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते तपासलं होतं. असा मी.

त्या वाड्यांना मी तेवीस दिवसांचं पाणी देणं लागतो आणि ते आता कुणालाच देता यायचं नाही. तिला एक पान देणं लागतो: ती तीन ओळींचं सांगायला माझ्याकडे आली होती, रेघ मी ओढली नाही, आकडा मी बदलला, आणि चूक तिची नव्हती, असं साहेबांच्या नावानं, खाली माझी सही. ते पान मी अजून दिलेलं नाही.